भेटीची वर्गणी: पैसे एकाचे, खाते दुसऱ्याचे

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मराठी घरांतील मामा, काका आणि आजोबा यांना मुलांना द्यावयाच्या भेटीचा एक सोपा मार्ग सापडला होता. टपाल कार्यालयात जाऊन वर्षाच्या वर्गणीची मनीऑर्डर करावयाची आणि तिच्या कुपनावर भाच्याचे किंवा नातवाचे नाव व पत्ता लिहावयाचा. पैसे मामाचे, अंक भाच्याचा. वर्ष संपत आले की वर्गणी संपल्याची सूचना अंकाबरोबर भाच्याच्या घरी येई. कोणी पैसे भरले तर अंक चालू राहत, न भरले तर थांबत. मामाच्या खिशाला त्याच्या नकळत कोणी हात लावीत नसे.

आजही भेट तशीच दिली जाते. अभ्यासाचे ॲप, गोष्टी ऐकविणारे ॲप, चित्रपट-मालिका दाखविणारी सेवा, वर्तमानपत्राची डिजिटल आवृत्ती, यांची वर्गणी घरातील ज्येष्ठ भरतात आणि लहान मंडळी वापरतात. मात्र व्यवहाराचा एक सांधा बदलला आहे. पूर्वी सर्वांनी मौन बाळगले की वर्गणी बंद होत असे. आता सर्वांनी मौन बाळगले की वर्गणी चालू राहते. नूतनीकरणाच्या आणि परताव्याच्या बहुतेक तक्रारी या एका फरकातून जन्मतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहणे उपयोगी ठरेल. समजा, डोंबिवली पूर्वेला राहणारे एक निवृत्त शिक्षक २०२४ च्या दिवाळी पाडव्याला, म्हणजे २ नोव्हेंबरला, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या मुलीकडे गेले. नातू सहावीत. त्याला अभ्यासाचे एक ॲप हवे होते. वर्षाचे शुल्क २,४०० रुपये. ॲप नातवाच्या टॅबवर, खाते मुलीच्या ईमेलवर. पैसे भरण्याची वेळ आली तेव्हा आजोबांनी आपला मोबाइल पुढे केला, यूपीआयने पैसे भरले, पिन टाकला आणि सर्वांनी फराळाकडे मोर्चा वळविला. आजोबांच्या दृष्टीने भेट देऊन झाली होती.

प्रत्यक्षात त्या क्षणी दोन स्वतंत्र गोष्टी घडल्या होत्या. पहिली, मुलीच्या नावाने ॲप चालविणाऱ्या कंपनीशी सेवेचा करार झाला. दुसरी, आजोबांच्या बँक खात्यावर ‘मँडेट’ नोंदले गेले, म्हणजे ठरावीक काळाने पैसे वळते करून घेण्याची आगाऊ संमती दिली गेली. यूपीआयमध्ये या सोयीला AutoPay असे नाव आहे. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर जो तपशील दिसतो, त्यात पहिली रक्कम ठळक असते. तिच्याखाली बारीक अक्षरांत कमाल रक्कम आणि मँडेटची अखेरची तारीखही असते. आपल्या उदाहरणात कमाल रक्कम ५,००० रुपये होती आणि अखेरची तारीख कित्येक वर्षांनंतरची होती. आजोबांनी २,४०० एवढेच वाचले. फराळाचे ताट समोर असताना अन्य कोणी असता तर त्यानेही तेवढेच वाचले असते.

वर्ष उलटले. जूनमध्ये नातू सातवीत गेला, शिकवणी लागली आणि ॲप उघडणे बंद झाले. टॅबवर जागा हवी म्हणून मुलीने ते काढूनही टाकले. येथे पहिला गैरसमज उभा राहतो. टॅबवरून ॲप काढले म्हणजे वर्गणी बंद झाली, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. ॲप हे केवळ दार आहे. करार कंपनीच्या नोंदवहीत आणि मँडेट बँकेच्या नोंदवहीत जसेच्या तसे राहते. ॲन्ड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमार्फत वर्गणी भरली असेल, तर ज्या गूगल खात्यातून ती घेतली त्या खात्याने प्ले स्टोअरमध्ये जाऊन Payments & subscriptions या भागातील Subscriptions उघडावे लागते आणि तेथे ती रद्द करावी लागते. कंपनीकडे थेट भरली असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये खातेदाराने ते करावयाचे असते.

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. आजोबांच्या मोबाइलवर संदेश आला की उद्या अमुक कंपनीस ३,६०० रुपये खात्यातून दिले जातील. पहिल्या वर्षाचे २,४०० हे सवलतीचे शुल्क होते. दुसऱ्या वर्षापासून पूर्ण शुल्क लागू होत होते आणि कमाल रकमेच्या आत असल्यामुळे मँडेटला ते चालत होते. आजोबांना कंपनीचे नाव ओळखीचे वाटले नाही, कारण ॲपचे नाव एक आणि ते चालविणाऱ्या कंपनीचे नाव दुसरे. फसवणुकीच्या संदेशांविषयी मुलाने, बँकेने आणि पोलिसांनी इतके सांगितले होते की त्यांनी हाही संदेश त्यातलाच समजून पुसून टाकला. रविवारी पैसे गेले.

आजोबांची सावधगिरी चुकीची नव्हती. तिची दिशा थोडी चुकली. हा संदेश येतो तो रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे. कार्डावरील अशा आवर्ती वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये चौकट घालून दिली, पुढे जानेवारी २०२० मध्ये यूपीआयलाही ती लागू केली, आणि मुदतवाढीनंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून तिची कसून अंमलबजावणी सुरू झाली. त्यानुसार प्रत्येक वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी पैसे देणाऱ्याला सूचना गेली पाहिजे. तीत घेणाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख आणि कारण असले पाहिजे. आणि ती एक वसुली किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची सोय असली पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीस पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही, म्हणून ही सूचना हीच एकमेव हाक असते. खरी सूचना आणि बनावट संदेश यांतील भेद ओळखण्याचा मार्ग संदेशाबाहेर आहे. संदेशातील कोणत्याही दुव्याला बोट न लावता आपले यूपीआय ॲप आपण स्वतः उघडावे आणि AutoPay या भागातील यादी पाहावी. तेथे त्या कंपनीचे मँडेट दिसले तर सूचना खरी. दिसले नाही तर कार्डाच्या बाबतीत बँकेचे ॲप तपासावे, आणि तेथेही नसेल तर संदेश खुशाल पुसावा.

आता भेटीच्या वर्गणीतील खरी गाठ लक्षात येईल. सूचना मिळते ती पैसे देणाऱ्याला. पण सेवा वापरली जाते की नाही हे ठाऊक असते ते घेणाऱ्याला. आजोबांना संदेश आला, पण नातवाने जूनपासून ॲप उघडलेले नाही हे त्यांना माहीत नव्हते. मुलीला ते माहीत होते, पण संदेश तिच्याकडे आला नाही. कंपनीने तिच्या ईमेलवर नूतनीकरणाचे पत्र पाठविले होते, ते जाहिरातींच्या ढिगात पडून राहिले. नियमाने दिलेले २४ तास अशा रीतीने दोन घरांच्या मधोमध, ठाणे आणि डोंबिवलीच्या दरम्यान कोठेतरी वाया गेले.

रविवारी सायंकाळी आजोबांनी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. उत्तर मिळाले, “खाते आपल्या नावावर नाही. नोंदणीकृत ईमेलवरूनच विनंती यावी लागेल.” त्यांनी मुलीला फोन केला. तिने कंपनीशी संपर्क साधला तेव्हा तिला सांगण्यात आले की पैसे ज्या खात्यातून गेले ते तुमचे नाही, म्हणून बँकेकडे चौकशी करावी. आजोबांनी सोमवारी बँकेत विचारले, तर तेथे सांगितले की मँडेट आपणच दिले आहे, पिनही आपलाच आहे, तेव्हा कंपनीकडे जावे. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाच्या हाती व्यवहाराचा एकेक तुकडा होता आणि तो प्रत्येकजण आपापल्यापुरता खरा सांगत होता.

वाट निघाली ती दोघांनी आपापले काम वाटून घेतल्यावर. आजोबांनी यूपीआय ॲपमधील त्या व्यवहाराचा तपशील उघडला आणि व्यवहार क्रमांक, तारीख व रक्कम दिसेल असे त्याचे छायाचित्र मुलीला पाठविले. मुलीने नोंदणीकृत ईमेलवरून कंपनीला पत्र लिहिले. त्यात चारच गोष्टी होत्या: खाते माझे आहे, पैसे माझ्या वडिलांच्या खात्यातून या व्यवहार क्रमांकाने गेले, जूनपासून सेवा वापरलेली नाही आणि नूतनीकरणानंतर एकदाही उघडलेली नाही, वर्गणी रद्द करून रक्कम परत करावी. पत्र लिहिल्यावर तिने खात्यातून वर्गणी रद्द केली. मग आजोबांनी AutoPay मध्ये जाऊन मँडेट रद्द केले, ज्यासाठी पुन्हा पिन लागतो.

हा क्रम उलटा झाला तर फार बिघडत नाही, पण दोन्ही कामे व्हावी लागतात. नुसते मँडेट रद्द केले तर पुढची वसुली थांबते, गेलेले पैसे परत येत नाहीत, आणि कंपनीच्या लेखी करार चालूच असल्याने “पैसे भरा” अशी पत्रे मुलीला येत राहतात. नुसती वर्गणी रद्द केली तर पुढचे नूतनीकरण थांबावयास हवे, पण मँडेट बँकेत तसेच लटकत राहते. रद्द केल्याचा अर्थ परतावा मिळणे असाही नाही. बहुतेक सेवांमध्ये रद्द केल्यावर भरलेल्या मुदतीच्या अखेरपर्यंत सेवा चालू राहते आणि मग संपते. उरलेल्या महिन्यांचे पैसे आपोआप परत येत नाहीत. परतावा ही वेगळी विनंती आहे आणि ती वेगळी करावी लागते.

परतावा मंजूर होण्यास दोन गोष्टींचे वजन पडते: नूतनीकरणापासून किती दिवस लोटले, आणि त्यानंतर सेवा वापरली गेली का. आपल्या उदाहरणात दुसऱ्याच दिवशी पत्र गेले आणि वापर शून्य होता, म्हणून कंपनीने पूर्ण रक्कम परत करण्याचे मान्य केले. मधल्या काळात नातवाने गंमत म्हणून ॲप पुन्हा घेऊन दोन धडे उघडले असते, तर उत्तर वेगळे आले असते. विनंती केल्यापासून निकाल लागेपर्यंत मुलाने टॅबवर त्या ॲपला हात लावू नये, ही सूचना क्षुल्लक वाटते, पण हातातोंडाशी आलेला परतावा अशा दोन धड्यांपायी जाऊ शकतो.

मान्य झालेली रक्कम कोणाकडे येते, याविषयी घरात गोंधळ होऊ शकतो. विनंती मुलीने केली म्हणून पैसे तिच्या खात्यात येणार नाहीत. पेमेंट कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या निर्देशांनुसार परतावा मूळ ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जावा लागतो. दुसऱ्या मार्गाला ग्राहकाने स्पष्ट संमती दिली असेल तरच अपवाद. म्हणून पैसे आजोबांच्या बँक खात्यातच परतले. काही कंपन्या परताव्याऐवजी ॲपच्या ‘वॉलेट’मध्ये रक्कम जमा करण्याचा पर्याय पुढे करतात. भेटीच्या बाबतीत तो स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे पैसे घेणाऱ्याच्या खात्यात, तेही एकाच दुकानात खर्च होण्याजोगे, कायमचे अडकविणे होय. खातेदार मुलीने घाईत तेथे होकार दिला तर आजोबांची रक्कम परत मिळण्याची वाट ती नकळत बंद करील.

कंपनीने नकार दिला असता तर? येथे कायदा भेट घेणाऱ्याच्या बाजूने उभा आहे, आणि हे फार थोड्या कुटुंबांना ठाऊक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येत सेवेसाठी पैसे देणारा तर येतोच, पण त्याच्या संमतीने ती सेवा उपभोगणारा लाभार्थीही येतो. म्हणजे “पैसे तुम्ही दिले नाहीत, तुमची तक्रार ऐकता येत नाही” हे उत्तर मुलीला देता येत नाही, आणि “खाते तुमचे नाही” एवढ्यावर आजोबांनाही कायमचे वाटेला लावता येत नाही. पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करावी. तिने भागले नाही तर ग्राहक आयोग आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा नव्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे कंपनीचे कार्यालय दूरच्या राज्यात असले तरी डोंबिवली, कल्याण किंवा ठाण्याच्या रहिवाशाला ठाणे जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. साडेतीन हजारांसाठी आयोगाच्या तारखा सांभाळणे व्यवहार्य आहे का, हे प्रत्येकाने आपल्या उसंतीवर ठरवावे. पण कंपनीला पाठविलेल्या दुसऱ्या पत्रात कलम २(७) चा उल्लेख करण्यास काहीच खर्च येत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची यादी अधिसूचित केली, तीत ‘वर्गणीचा सापळा’ हा एक प्रकार आहे. रद्द करण्याचा पर्याय लपविणे, ती प्रक्रिया विनाकारण गुंतागुंतीची करणे, मोफत वर्गणीसाठी पैसे वळते करण्याची संमती सक्तीने घेणे, हे त्यात मोडते. या शेवटच्या बाबीचा भेटीशी जवळचा संबंध आहे, कारण भेटीचा आणखी एक प्रकार आहे आणि त्यात नेमके हेच घडू शकते.

हा प्रकार म्हणजे भेटीचा कोड किंवा गिफ्ट कार्ड. येथे देणारा एकदाच पैसे देतो, त्याला एक क्रमांक मिळतो, तो क्रमांक घेणारा आपल्या खात्यात घालतो. देणाऱ्याच्या खात्यावर मँडेट राहत नाही. मुदत संपली की देणाऱ्याचा संबंध संपला. जुन्या मनीऑर्डरीच्या सर्वांत जवळ जाणारा मार्ग हाच. मात्र कोड घालताना काही सेवा घेणाऱ्याकडे “मुदतीनंतर सेवा खंडित होऊ नये म्हणून” कार्ड किंवा यूपीआय मागतात. भाचीने ते दिले तर वर्षानंतरचे बिल भाचीला येईल, आणि मामाने प्रेमाने दिलेल्या भेटीची शेपटी तिच्या पगारात अडकेल. तो रकाना टाळता येत असेल तर टाळावा; टाळता येत नसेल तर कोड घातल्याच दिवशी नूतनीकरण बंद करावे. असे केल्याने भेटीची मुदत सहसा कमी होत नाही, पण बंद करताना पडद्यावर दिसणारी अखेरची तारीख एकदा पाहून घ्यावी.

कोडच्या परताव्याचा नियम उघड आहे. कोड वापरला गेलेला नसेल आणि विक्रेत्याच्या अटींत परताव्याची तरतूद असेल तर तो विकत घेणाऱ्यालाच मागता येतो. घेणाऱ्याने कोड आपल्या खात्यात घातला की परताव्याचे दार बहुधा दोघांनाही बंद होते. म्हणून ज्याच्याकडे ती सेवा आधीपासून आहे त्याला कोड पाठविण्यापूर्वी विचारावे. त्यामुळे आश्चर्याचा आनंद थोडा उणावतो, हे खरे.

परदेशातील मुलांकडून येणाऱ्या भेटींत एक जास्तीची अडचण आहे. न्यू जर्सीतील मुलगा तेथील दुकानातून गूगल प्लेचे गिफ्ट कार्ड घेऊन कल्याणातील आईवडिलांना क्रमांक कळवितो आणि तो येथे चालत नाही, कारण ही कार्डे ज्या देशासाठी काढलेली असतात त्याच देशाच्या खात्यात चालतात. मग तो वैतागून आपले अमेरिकी कार्ड थेट आईच्या खात्याला जोडतो. सेवा सुरू होते. पण रिझर्व्ह बँकेची २४ तासांची सूचना भारतातील बँकांनी दिलेल्या कार्डांसाठी आहे, त्या कार्डाला ती लागू नाही. अशा वेळी मुलाने भारतातील आपल्या बँक खात्यातून येथील कोड विकत घ्यावा, किंवा वर्षाची रक्कम आईच्या खात्यात पाठवून तिलाच वर्गणी भरू द्यावी. दुसऱ्या मार्गात सूचना आणि वापर दोन्ही एकाच घरात राहतात.

डोंबिवलीच्या आजोबांचे ३,६०० रुपये नवव्या दिवशी खात्यात जमा झाले. त्याच आठवड्यात त्यांनी मुलीला आपल्या फोनवरील AutoPay ची यादी उघडून दाखविली. तीत तीन नोंदी होत्या. एक विजेच्या बिलाची, ती त्यांना माहीत होती. दुसरी एका मालिकांच्या सेवेची, जी धाकटा मुलगा पुण्यात वापरत होता. तिसरी कोणाची, हे दोघांनाही आठवेना. रक्कम महिन्याला ४९ रुपये. “बाबा, ही तुम्ही कधी सुरू केलीत?” असे मुलीने विचारले, तेव्हा आजोबांनी चष्मा पुसला आणि पिन टाकून ती आधी रद्द केली. कोणाची होती हे नंतर पाहता आले असते.